खिडकी आत्ता उघडी आहे का? इंग्रजी साधा भूतकाळ रशियनमध्ये नेताना

प्रश्न: "इंग्रजीतून रशियनमध्ये भाषांतर शिकतेय, दुसरं वर्ष. वर्गात नियम सांगितला होता की 'वॉज रीडिंग' असेल तर अपूर्ण रूप आणि नुसतं 'रेड' असेल तर पूर्ण रूप. मी तसंच करते, तरी निम्म्या वाक्यांखाली लाल रेघ येते. क्रिया एकदाच घडली, संपलीसुद्धा, मग तिथे अपूर्ण रूप कसं काय बरोबर?"

तुमचा नियम चुकीचा नाही, अर्धा आहे. 'वॉज रीडिंग'च्या जागी अपूर्ण रूप घातलंत तर सहसा फसणार नाही. फसवतं ते नुसतं 'रेड'. इंग्रजी माणूस 'आय रेड द बुक' म्हणतो तेव्हा पुस्तक संपवलं की चाळलं, आत्ता त्याबद्दल बोलायचंय की फक्त 'कधीतरी वाचलंय' एवढंच सांगायचंय, यातलं काहीच क्रियापदात नसतं. रशियनमध्ये तशी सोय नाही. भूतकाळातलं क्रियापद लिहायचं म्हणजे दोनपैकी एक रूप घ्यावंच लागतं आणि घेतलं की वाचणारा त्यावरून काहीतरी समजून घेतोच. म्हणजे इंग्रजी वाक्यात नसलेली माहिती तुम्हाला कुठूनतरी आणावी लागते. लाल रेघा व्याकरणाच्या वाटतात, पण बहुतेक वेळा त्या या न आणलेल्या माहितीच्या असतात.

मी पुण्यात बसून वीसेक वर्षं यंत्रसामग्रीची कागदपत्रं, सर्व्हिस रिपोर्ट, पत्रव्यवहार असलं भाषांतर करतो, इंग्रजीतून रशियनमध्ये. माझं काम पुढे एक रशियन संपादक बाई तपासतात. खाली जे लिहितोय ते त्यांच्या लाल रेघा खाऊनच शिकलोय. कथा-कादंबऱ्यांचं गणित थोडं वेगळं असतं, लेखकाची लय तिथे मध्ये येते. त्यात मी पडत नाही.

रशियन शब्द उच्चाराच्या जवळ जातील असे देवनागरीत लिहितोय. एक गंमत आधीच सांगून ठेवतो. रशियन भूतकाळसुद्धा 'ल'वर संपतो आणि लिंगाप्रमाणे बदलतो, पण तिथे 'चिताल' म्हणजे तो वाचत होता आणि 'चिताला' म्हणजे ती. मराठी कानाला बरोब्बर उलटं वाटतं. अनेकवचन 'चिताली'. या 'ल'चं आपल्या 'ल'शी नातं नाही, नुसता योगायोग आहे.

आता खिडकी. खोलीत शिरलात, गार वारा येतोय, खिडकी सताड उघडी. तुम्ही विचारता, "क्तो अत्क्रिल अक्नो?" खिडकी कोणी उघडली? हे पूर्ण रूप. आता दुसरा प्रसंग. खिडकी बंद आहे, पण खोली गार पडलीय आणि टेबलावरचे कागद जमिनीवर आलेत. आता रशियन माणूस विचारतो, "क्तो अत्क्रिवाल अक्नो?" हे अपूर्ण रूप. खिडकी दोन्ही वेळा एकदाच उघडली गेली, दोन्ही वेळा पूर्ण उघडली गेली. इंग्रजीत दोन्हीकडे 'हू ओपन्ड द विंडो' चालेल. फरक क्रियेत नाहीच, क्रियेनंतर काय उरलं यात आहे. पूर्ण रूप म्हणतं की घडलं आणि त्याचा परिणाम समोर आहे. अपूर्ण रूप म्हणतं की असं काहीतरी घडलं होतं, पण परिणामाची हमी मी देत नाही.

'हमी देत नाही' हे शब्द मुद्दाम वापरलेत. 'अत्क्रिवाल' म्हणजे 'उघडली आणि परत लावली' असा त्याचा शब्दशः अर्थ नाही. फक्त, उघडीच असती तर बोलणारा 'अत्क्रिल' म्हणाला असता, हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून तो बंद असल्याचा अंदाज बांधतो. शिक्षक कधीकधी याला 'रद्द झालेला परिणाम' म्हणून शिकवतात. नाव लक्षात ठेवायला बरं आहे, पण ते नियमासारखं ठोकू नका.

हे मला समजलं ते मराठीमुळे, आणि फार उशिरा. आपण इंग्रजी वाक्य वाचतो आणि थेट रशियनकडे धावतो. मध्ये एक पाऊल मराठीत टाकून बघा. खिडकी उघडी असताना कुणी विचारेल, "खिडकी कोणी उघडली?" बंद असताना तोच माणूस आपोआप म्हणेल, "खिडकी कोणी उघडली होती?" तो 'होती' काय करतो ते पाहा. "तुझ्याकडे समीर आलाय" म्हटलं की समीर बाहेरच्या खोलीत चहा पीत बसलेला असतो. "तुझ्याकडे समीर आला होता" म्हटलं की तो येऊन गेला. रशियनमध्ये पहिल्याला 'प्रिशोल', दुसऱ्याला 'प्रिखदील'. "आई बाजारात गेलीय" म्हणजे ती घरी नाही, 'पश्ला'. "आई बाजारात गेली होती" म्हणजे आता भाजी निवडत बसलीय, 'खदीला'. जाण्यायेण्याच्या क्रियापदांचं आतलं गणित आणखी किचकट आहे, पण या वाक्यापुरता निकाल तोच लागतो. म्हणून 'लास्ट इयर आय वेंट टू मॉस्को' याचं भाषांतर 'येझ्दील' होतं, 'पयेखल' नाही. तुम्ही पुण्यात बसून 'पयेखल' लिहिलंत तर रशियन वाचक पुढच्या वाक्याची वाट बघतो: निघालात, बरं, मग पुढे काय झालं?

'ही टुक माय डिक्शनरी' हे आणखी एक. शब्दकोश अजून त्याच्याकडेच असेल तर 'व्झ्याल'. नेला होता, आणून दिला, तर 'ब्राल'. ही युक्ती ज्या क्रियांना परतीची वाट असते त्यांच्यावर हमखास चालते: उघडणं, येणं, घेणं, दिवा लावणं, कोट घालणं, यंत्र चालू करणं. कप फोडला तर तो परत अखंड होत नाही, म्हणून तिथे हा फरक शोधायला जाऊ नका.

मात्र 'होता' दिसला की अपूर्ण रूप, असा नवा नियम करून घेतलात तर पुन्हा लाल रेघा येतील. मराठी 'होता' दोन-तीन कामं करतो. "मी स्टेशनवर पोहोचलो तेव्हा गाडी सुटली होती." इथे 'होती' आहे, पण रशियन 'पोयेझ्द उझे उशोल', पूर्ण रूप. कारण मी पोहोचलो त्या क्षणी परिणाम जागेवर होता, गाडी नव्हतीच. कधीकधी नुसतं लांबचं सांगायलाही आपण 'होतं' लावतो: "दोन हजार दहा साली आम्ही इथे फ्लॅट घेतला होता" आणि बोलणारा त्याच फ्लॅटमध्ये बसलेला असतो. तिथेही पूर्ण रूपच, 'कुपीली'. म्हणजे विचारायचं हे की वाक्य ज्या क्षणाकडे पाहतंय, त्या क्षणी परिणाम उभा आहे का. मराठी 'होता' उत्तराकडे नेतो, उत्तर देत नाही.

दुसरी जागा जिथे मी स्वतः आपटलोय, ती परीक्षेची. सुरुवातीच्या वर्षांत मराठवाड्यातल्या एका कुटुंबासाठी पत्र केलं होतं. मुलगा रशियात वैद्यकीय शिकत होता. जानेवारीच्या सत्रात शरीररचनेचा पेपर दिला, त्या वेळी आजारी होता, आता पुन्हा बसायची परवानगी हवी, असा अर्ज. इंग्रजी मसुद्यात 'ही टुक द एक्झाम इन जॅन्युअरी' होतं. एकदाच दिलेली, संपलेली परीक्षा, म्हणून मी डोळे झाकून 'झ्दाल' लिहिलं. रशियनमध्ये 'झ्दाल एक्झामेन' म्हणजे परीक्षा पास झाला. नुसती दिली याला 'झ्दवाल'. कॉलेजच्या कार्यालयातून मुलाला विचारणा झाली की पत्रात तू पास झाल्याचं लिहिलंय, तुझ्या 'झचोत्का'त, म्हणजे गुणांच्या वहीत, तशी नोंद नाही, आणि पास झाला असशील तर पुनर्परीक्षा कशाला मागतोस? मुलाचा मला फोन आला तेव्हा मी आधी वाद घातला. मग शब्दकोश उघडला आणि गप्प बसलो. दुसरं पत्र फुकट करून दिलं.

अशी क्रियापदं बरीच आहेत आणि त्यांचं एक लक्षण आहे. त्यांच्या अपूर्ण रूपात प्रयत्न असतो, पूर्ण रूपात यश. 'रिशाल' म्हणजे गणित सोडवायला बसला, 'रिशील' म्हणजे सुटलं. 'पस्तुपाल' म्हणजे प्रवेशासाठी खटपट केली, 'पस्तुपील' म्हणजे प्रवेश मिळाला. 'उगवारिवल' म्हणजे मनवत होता, 'उगवरील' म्हणजे समोरचा तयार झाला. इंग्रजी बहुतेक वेळा यासाठी दोन वेगळी क्रियापदं वापरते, 'टुक' आणि 'पास्ड', 'अप्लाइड' आणि 'गॉट इन'. रशियन तेच क्रियापद घेऊन फक्त रूप बदलते. त्यामुळे इथे इंग्रजी काळ बघून काही हाती लागत नाही, इंग्रजी क्रियापदाचा अर्थ बघावा लागतो. तपासायचं कसं? वाक्यापुढे मनात 'पण जमलं नाही' जोडून बघा. इंग्रजी वाक्य ते सहन करत असेल तर पूर्ण रूप धोक्याचं. 'ही टुक द एक्झाम, पण पास झाला नाही' हे चालतं. 'ही पास्ड द एक्झाम, पण पास झाला नाही' हे चालत नाही.

आता तुमच्या प्रश्नातल्या 'रेड'कडे येतो, कारण तिथे ना परतीची वाट आहे ना अपयश. समजा इंग्रजीत विचारलंय, 'डिड यू रीड द मॅन्युअल?' मशीन बसवायला आलेला इंजिनीअर सहज विचारतोय की हे पुस्तक कधी डोळ्यांखालून गेलंय का. तर "वी चिताली इन्स्त्रूक्त्सियु?" अपूर्ण. पण त्याने ते कालच मेलने पाठवून 'उद्यापर्यंत वाचून ठेवा' असं सांगितलं होतं, तर आज तो विचारेल, "वी प्रचिताली इन्स्त्रूक्त्सियु?" पूर्ण. मराठीत पहिल्याला आपण 'वाचलंय का' म्हणू, दुसऱ्याला 'वाचून झालं का'. कुणीतरी काम नेमून दिलेलं असलं, अपेक्षा हवेत असली, की पूर्ण रूप ती अपेक्षा पुरी झाली का ते विचारतं. अपेक्षा नसेल तर अपूर्ण रूप फक्त अनुभवाच्या खात्यात नोंद आहे का तेवढं बघतं. आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्या सगळ्यात जास्त लाल रेघा इथे असतात, कारण पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं असलं तरी अनुभवाच्या खात्यात 'चिताल'च लागतं.

यालाच चिकटून एक प्रकार आहे. क्रिया झाली हे दोघांनाही आधीच माहीत आहे, प्रश्न फक्त कोणी, कुठे, कधी याचा. सेंट पीटर्सबर्गचा हिवाळी राजवाडा समोर उभा आहे, १७५४ ते १७६२ या काळात बांधलेला. तो बांधून पूर्ण झाला यात शंका कुणाला? तरी वाटाड्या म्हणेल, "झीम्नी द्वरेत्स स्त्रोइल रास्त्रेल्ली," अपूर्ण रूप. बांधलं गेलं ही बातमीच नाही, बातमी आहे रास्त्रेल्लीची. 'पस्त्रोइल'सुद्धा इथे चूक नाही, फक्त त्यात बांधून पुरं केल्यावर जरा जोर येतो. अशा वाक्यांत दोन रशियन संपादक दोन उत्तरं देतात आणि दोन्ही बरोबर असतात. तिथे लाल रेघ आली तर वाद घालायला हरकत नाही. पण "हा ड्रेस कुठे घेतलास?" या मैत्रिणीच्या प्रश्नात मात्र 'पकुपाला' किती सहज येतं ते रशियन मैत्रिणीकडून ऐका. तीही एकदाच केलेली, संपलेली खरेदी आहे.

मग पूर्ण रूपाचं खास घर कुठलं? साखळी. उठला, तोंड धुतलं, डबा घेतला, बाहेर पडला. क्रियांमागून क्रिया आली की प्रत्येक पूर्ण रूप घड्याळाचा काटा एक घर पुढे ढकलतं. अपूर्ण रूप काटा थांबवतं आणि आजूबाजूला बघायला लावतं. 'व्हेन आय एंटर्ड, ही स्टुड अप' इथे मी शिरलो आणि मग तो उठला, दोन्ही पूर्ण. साखळीत एकदा शिरलात की वर सांगितलेला 'परिणाम आत्ता उरलाय का' हा प्रश्न बाजूला पडतो. गोष्टीत 'त्याने खिडकी उघडली आणि खाली वाकून पाहिलं' असेल तर ती खिडकी आज उघडी आहे का याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. कथेतली खिडकी 'अत्क्रिल'च. म्हणून मी आधी बघतो की वाक्य साखळीतली कडी आहे की सुटं विधान. सुटं असेल तरच पुढचे प्रश्न.

कालावधीचं सोपं आहे, चटकन सांगतो. 'फॉर टू आवर्स' असेल तर अपूर्ण, 'द्वा चिसा'. 'इन टू आवर्स' असेल तर पूर्ण, 'झा द्वा चिसा'. दोन तास वाचलं, दोन तासांत वाचून काढलं. रोज, नेहमी, दर सोमवारी असलं काही आलं की अपूर्ण. पण 'दोनदा', 'तीनदा' हे आकडे काही ठरवत नाहीत. दारावर लागोपाठ तीन टकटका दिल्या तर ती एकच घटना, पूर्ण रूप, 'पस्तुचाल त्री राझा'.

आता एक खरं काम दाखवतो, तारखा आणि तपशील बदलून. इकडच्या एका कारखान्याने रशियातल्या ग्राहकाला पाठवायचं इंग्रजी पत्र माझ्याकडे आलं. मजकूर मराठीत असा: आमचा इंजिनीअर १२ मार्चला तुमच्याकडे आला. त्याने झाकण काढलं, सील बदललं आणि पंप तपासला. त्याने सहा तास काम केलं. त्याने तुमच्या ऑफिसला दोनदा फोन केला. तुमचं ५ मार्चचं पत्र आम्हाला मिळालं नाही. ऑपरेटरने रात्री व्हॉल्व्ह उघडला. इंग्रजीत झाडून सगळी क्रियापदं साध्या भूतकाळात. तुमच्या वर्गातल्या नियमाने सगळी पूर्ण रूपात जातील.

पहिलं 'केम'. पत्र एप्रिलमध्ये लिहिलेलं, इंजिनीअर कधीच पुण्याला परतलेला. सुटं वाक्य असेल तर 'प्रियेज्झाल', येऊन गेला. पण पुढे लगेच झाकण, सील, पंप अशी साखळी सुरू होते. हे वाक्य साखळीची पहिली कडी धरलं तर 'प्रियेखल'ही बरोबर: आला, काढलं, बदललं, तपासलं. मी 'प्रियेज्झाल' ठेवून तिथे परिच्छेद तोडला, कारण पत्राचा सूर 'आमच्या भेटीची आठवण करून देतो' असा होता. हा माझा निर्णय, दुसऱ्याचा वेगळा असता तर मी भांडलो नसतो.

झाकण, सील आणि पंप यांना 'स्न्याल', 'झमिनील', 'प्रवेरिल'. तिन्ही पूर्ण, साखळी आहे. पण गंमत बघा, हाच मजकूर जर तक्त्यात असता, म्हणजे 'झाकण काढलं का' या रकान्यासमोर 'हो' लिहायचं असतं, तर रशियन फॉर्ममध्ये प्रश्न 'क्रिश्कु स्निमाली?' असा अपूर्ण रूपात छापलेला असता. काढलं होतं का कधी, एवढंच विचारायचंय. आता ते जागेवर बसलेलं आहेच. तेच झाकण, तीच क्रिया, पण साखळीतून बाहेर आली की रूप बदलतं. सहा तास काम केलं, कालावधी, 'रबोतल', पुढे जा.

फोनचं वाक्य मला थांबवणारं होतं. 'कॉल्ड युवर ऑफिस ट्वाइस'. बोलणं झालं की नाही? इंग्रजी सांगत नाही. मराठीत आपण 'फोन केला' आणि 'फोन लागला' वेगळं ठेवतो, रशियन तेच एका धातूतून करते: 'झ्वनील' म्हणजे फोन केला, 'दझ्वनील्स्या' म्हणजे फोन लागला, बोलणं झालं. 'पझ्वनील' मधलं आहे, फोन फिरवला आणि काम झालं असा सूर. मी कारखान्याला विचारलं. उत्तर आलं की दोन्ही वेळा कुणी उचलला नाही. मग वाक्य झालं 'द्वाझ्दी झ्वनील, नो नि दझ्वनील्स्या', दोनदा फोन केला पण लागला नाही. 'पझ्वनील' लिहिलं असतं तर ग्राहकाला वाटलं असतं की आपल्या कुणाशीतरी बोलणं झालंय, आणि तो माणूस शोधत बसला असता.

पत्र न मिळण्याचं वाक्य नकारार्थी आहे आणि नकारात दोन रूपांमधला फरक आणखी टोकदार होतो. 'नि पलुचीली' म्हणजे येणार हे माहीत होतं, वाट बघत होतो, आलं नाही. 'नि पलुचाली' म्हणजे असं कुठलं पत्र आमच्याकडे आलेलंच नाही. पहिल्यात तुम्ही कबूल करता की पत्राची तुम्हाला कल्पना होती. दुसऱ्यात तुम्ही हात झटकता, आणि ग्राहकाने पत्र पाठवल्याचा पुरावा काढला तर ते खोटं बोलल्यासारखं दिसतं. फोनच्या बाबतीतही असंच. 'तू फोन केला नाहीस' हे रुसून म्हणायचं असेल, करतो म्हणाला होतास ना, तर 'नि पझ्वनील'. कुणी केल्याचा दावा करतोय आणि तुम्ही तो नाकारताय, तर 'नि झ्वनील'. पत्राच्या बाबतीत कारखान्याला ५ मार्चच्या पत्राचा उल्लेख ग्राहकाच्याच नंतरच्या मेलमध्ये दिसला होता, त्याआधी त्यांना पत्ताही नव्हता. म्हणून 'नि पलुचाली' घेतलं आणि त्याच वाक्यात 'कृपया पुन्हा पाठवा' जोडायची सूचना केली, म्हणजे ठणकावण्याची धार कमी होते.

शेवटचा व्हॉल्व्ह, आणि हा सगळ्यात महागडा. पंप बिघडला तो कोणाच्या चुकीने, यावरून बिल कोण भरणार हे ठरायचं होतं. 'द ऑपरेटर ओपन्ड द व्हॉल्व्ह ॲट नाइट' हे वाक्य कुठल्याही साखळीत नाही, सुटं विधान आहे. 'अत्क्रिल' लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार की व्हॉल्व्ह रात्रभर उघडा राहिला, कदाचित इंजिनीअर पोहोचला तेव्हाही उघडाच होता. 'अत्क्रिवाल' लिहिलं तर वाटणार की मध्ये कधीतरी उघडून परत बंद केला. दोन अगदी वेगळे अपघात. इंग्रजी मसुदा चार जणांनी वाचून मंजूर केला होता आणि यातलं काही कुणाला खटकलं नव्हतं, खटकणारही नाही, कारण इंग्रजीत ती फट दिसतच नाही.

अशा वेळी अंदाजाने रूप निवडायचं नाही. निवडायला माहिती नसेल आणि विचारायला माणूस मिळत नसेल तर वाक्य फिरवून 'उघडून बंद केला' किंवा 'सकाळपर्यंत उघडा होता' असं उघड लिहायलाही माहिती लागतेच, म्हणून मी सरळ टीप टाकून ती जागा रिकामी ठेवतो. तुमच्या लाल रेघांच्या वाक्यांपैकी सुटी विधानं वेगळी काढा आणि प्रत्येकापुढे असाच एक प्रश्न इंग्रजी लेखकाला विचारायचा असता तर काय विचारलं असतं ते लिहा. जिथे प्रश्न सुचतो तिथेच तुमची रेघ आहे, असं बहुतेक आढळेल.

मी कारखान्याला एका ओळीचा मेल केला: इंजिनीअर सकाळी पोहोचला तेव्हा व्हॉल्व्ह उघडा होता की बंद? तासाभराने उत्तर आलं, "बंद होता, ऑपरेटरनेच पहाटे लावला, पण तुम्हाला का हवंय?" मी 'अत्क्रिल' खोडून 'अत्क्रिवाल' केलं आणि फाइल पाठवली.